‘म’ चा आकडा: दशमान, बायनरी आणि हेक्स यांतली ये-जा हाताने आणि संगणकाने

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या मंडळींनी दिवाळी अंकातल्या कविता वेबपानावर चढवल्या. एका कवितेचं शीर्षक होतं ‘कमल’. पान उघडलं तर तिथे दिसलं `Γ\E;Τ`. सगळ्यांचा संशय फाँटवर गेला. फाँट काढून पुन्हा टाकला, ब्राउझर बदलला, तरी तेच. चूक वेगळीच होती. टंकणाऱ्याने युनिकोडच्या तक्त्यातून प्रत्येक अक्षराचा क्रमांक नीट उतरवला होता, पण तो क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत होता आणि पानात मात्र दशमान समजून लिहिला गेला होता.

```html
&#0915;&#092E;&#0932;
```

`&#` नंतर नुसता आकडा आला की ब्राउझर तो दशमान धरतो. दशमान ९१५ क्रमांकावर ‘क’ नाही, ग्रीक गॅमा आहे. ९३२ वर ग्रीक टाऊ आहे. मधल्या `092E` मध्ये ब्राउझरला दशमान अंक म्हणून 092 एवढंच वाचता आलं. ९२ म्हणजे उलटी तिरपी रेघ, ती छापून झाली आणि `E;` जसंच्या तसं मागे राहिलं. हेक्स आहे हे सांगायला एक `x` पुरेसा होता:

```html
&#x915;&#x92E;&#x932;
```

संख्येच्या अंगावर तिची पद्धत लिहिलेली नसते. ती आपण सांगावी लागते, आणि ती सांगायची राहून गेली की यंत्र बहुतेक वेळा तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं. म्हणून हा लेख ‘म’ या एकाच अक्षराचा क्रमांक हातात घेऊन तिन्ही पद्धतींतून फिरवतो. वाचताना गोंधळ नको म्हणून एक खूण ठरवून घेऊ: दशमान संख्या मी देवनागरी आकड्यांत लिहिणार आहे, आणि बायनरी व हेक्स संख्या पडद्यावर दिसतात तशा. म्हणजे १० म्हणजे दहाच. पण 10 हे बायनरीत दोन असतं आणि हेक्समध्ये सोळा. कोडच्या चौकटीत मात्र सगळेच आकडे पडद्यावरचे.

## दशमानातून हेक्स: आण्यांचा हिशोब

‘म’ चा क्रमांक दशमानात २३५० आहे. त्याचं हेक्स करायचं म्हणजे २३५० ला सोळाने भागत जायचं आणि प्रत्येक वेळची बाकी जपून ठेवायची.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया होता. त्यामुळे ही कृती आपल्या आजी-आजोबांनी बाजारात रोज केलेली आहे. २३५० आणे म्हणजे किती रुपये? सोळाने भागा: १४६ रुपये आणि वर १४ आणे. आता त्या १४६ रुपयांच्या सोळा-सोळा रुपयांच्या चवडी लावा: ९ चवडी आणि वर २ रुपये. नऊ चवडींतून सोळाचा आणखी मोठा ढीग होत नाही, तेव्हा ९ तसेच राहतात.

```
2350 ÷ 16 = 146   बाकी 14  → E
 146 ÷ 16 =   9   बाकी  2  → 2
   9 ÷ 16 =   0   बाकी  9  → 9
```

बाक्या खालून वर वाचायच्या: 9, 2, E. उत्तर `92E`. खालून वर का, तर शेवटची बाकी सर्वांत मोठ्या चवडीची आहे आणि मोठं आधी लिहायची आपली रीत आहे. पहिली बाकी म्हणजे सुटे आणे, ते उजव्या टोकाला जातात.

बाकी शून्यापासून पंधरापर्यंत काहीही येऊ शकते आणि प्रत्येक बाकीला एकच खूण हवी. नऊपर्यंत अंक आहेत. पुढे १० ला A, ११ ला B, १२ ला C, १३ ला D, १४ ला E आणि १५ ला F. नवशिक्यांची नेहमीची चूक इथेच होते: बाकी १४ आली की ते १४ असेच लिहितात आणि 9214 असं काहीतरी तयार होतं. चार अंकी हेक्स संख्या किमान ४०९६ असते आणि आपली संख्या तर २३५०. तेव्हा उत्तरात एखादा अंक जास्त दिसला की बाकीच्या जागी दोन अंक पडलेत का, ते आधी बघा.

## हेक्समधून दशमान, आणि पंधराचा ताळा

उलट वाटेसाठी पुस्तकांत स्थानांच्या किमती मांडतात: डावीकडून २५६, १६ आणि १. म्हणजे ९ × २५६ + २ × १६ + १४, बेरीज २३०४ + ३२ + १४ = २३५०. हे बरोबरच आहे, पण संख्या लांब असली की सोळाचे घात लक्षात ठेवणं जड जातं. मला डावीकडून गुणत येणं सोपं वाटतं. चवडी मोडून रुपये करा, रुपये मोडून आणे करा:

```
9
9 × 16 + 2    = 146
146 × 16 + 14 = 2350
```

एका वेळी एकच अंक हातात असतो आणि फक्त सोळाचा पाढा लागतो. मधली १४६ ही संख्या भागाकारात आली होती, तीच इथे परत भेटली. दोन्हीकडच्या मधल्या संख्या जुळल्या नाहीत तर चूक नेमक्या कोणत्या पायरीवर आहे ते तिथेच कळतं.

दशमानात गुणाकार तपासायला आपण नऊचा ताळा घेतो. सोळाच्या पद्धतीत तीच युक्ती पंधराने चालते, कारण सोळाला पंधराने भागलं की बाकी १ उरते, अगदी दहाला नऊने भागल्यावर उरते तशी. `92E` च्या अंकांची बेरीज करा: ९ + २ + १४ = २५, त्यातून १५ काढले की १०. आता २३५० ला पंधराने भागा: १५ × १५६ = २३४०, बाकी १०. ताळा जमला. अंकांची अदलाबदल मात्र या ताळ्याला दिसत नाही. `92E` ऐवजी `29E` लिहिलं तरी बेरीज तीच राहते. म्हणून क्रम डोळ्यांनी तपासावाच लागतो.

## बायनरी: इथे गणित जवळजवळ नाहीच

२३५० ला दोनाने भागत गेलात तर बारा पायऱ्या लागतात: ११७५ बाकी ०, ५८७ बाकी १, २९३ बाकी १, असं करत शेवटी ० बाकी १. बाक्या खालून वर वाचल्या की `100100101110` मिळतं. एकदा करून बघा, पण रोज असं करू नका. बारा पायऱ्यांत एखादी बाकी गळते आणि कुठे गळली ते शोधायला दुप्पट वेळ जातो.

सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात. त्यामुळे हेक्सचा प्रत्येक अंक बायनरीच्या बरोबर चार अंकांचा असतो आणि शेजारच्या अंकाशी त्याचा काही हिशोब उरत नाही. हातच्याचा प्रश्नच येत नाही. चार जागांच्या किमती डावीकडून ८, ४, २, १. नऊ म्हणजे ८ + १, म्हणून 1001. दोन म्हणजे 0010. चौदा म्हणजे ८ + ४ + २, म्हणून 1110.

```
 9     2     E
1001  0010  1110
```

तीन अंक झाले आणि काम संपलं. म्हणून दशमानातून बायनरीत जायचं असेल तरी मी आधी हेक्स करतो. खरा भागाकार तीन पायऱ्यांत संपतो आणि पुढचं नुसतं उतरवून काढणं असतं.

दोन ठिकाणी लक्ष द्या. एक, 2 चे चार अंक 0010 असेच लिहायचे, 10 नाही. पुढची शून्यं गाळलीत तर `1001101110` तयार होतं आणि ही दशमानात ६२२ अशी निराळीच संख्या आहे. दोन, बायनरीतून हेक्सकडे जाताना चाराचे गट उजवीकडून पाडायचे. डावीकडून पाडले तर अंकांची एकूण संख्या चारच्या पटीत असतानाच उत्तर बरोबर येतं. `1011101` चे उजवीकडून गट `101` आणि `1101`. डावा गट अपुरा आहे, त्याच्या आधी एक शून्य लावून `0101` करा. उत्तर `5D`, म्हणजे ९३.

## हे कुठे कामाला येतं: `à¤®` म्हणजे काय

मराठी मजकुराची कामं करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी `à¤®` असला मजकूर पाहिलेला असतो. मराठी पानाचा पत्ता नक्कल करून चिकटवला की `%E0%A4%AE` अशी माळ दिसते. ही दोन्ही रूपं आपल्या २३५० चीच आहेत आणि हाताने उलगडता येतात.

फायलीत अक्षर साठवण्याची आज सर्वांत रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि एक बाइट म्हणजे आठ बायनरी अंक. या तीन बाइटांचा साचा ठरलेला आहे. त्यातल्या x च्या जागी आपल्या क्रमांकाचे बायनरी अंक भरायचे:

```
1110xxxx  10xxxxxx  10xxxxxx
```

x एकूण सोळा आहेत: चार, सहा आणि सहा. आपले अंक बारा, म्हणून पुढे चार शून्यं लावू: `0000100100101110`. आता हे चार-सहा-सहा असे तोडा आणि साच्यात बसवा:

```
    0000      100100      101110
11100000    10100100    10101110
   E0          A4          AE
```

शेवटची ओळ पुन्हा त्याच चाराच्या गटांनी मिळाली: 1110 म्हणजे E आणि 0000 म्हणजे 0, म्हणून `E0`. 1010 म्हणजे A आणि 0100 म्हणजे 4, म्हणून `A4`. तशीच `AE`. पत्त्यात हेच तीन बाइट टक्क्याच्या खुणेसह दिसतात. तीच फाइल एखाद्या प्रोग्रॅमने जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीत वाचली, तर तो प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजतो: `E0` चं `à`, `A4` चं `¤`, `AE` चं `®`. मजकूर खराब झालेला नसतो, चुकीच्या तक्त्यातून वाचला गेलेला असतो. फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडली की तो सावरतो. पण त्या कचऱ्यासकट ती फाइल पुन्हा जतन करू नका.

बिघडलेल्या मराठी मजकुरात `à¤` आणि `à¥` हेच जोड सारखे का दिसतात, तेही इथेच कळतं. देवनागरीचा मूळ पट्टा `0900` ते `097F` एवढा आहे. त्यातल्या सगळ्या क्रमांकांचे पहिले चार अंक 0000, म्हणून पहिला बाइट नेहमी `E0`. पुढचे सहा अंक `093F` पर्यंत 100100 आणि `0940` पासून 100101. म्हणून दुसरा बाइट `A4` किंवा `A5` एवढाच असतो. फरक पडतो तो तिसऱ्या बाइटमध्ये.

## एक्सेलमध्ये

एक्सेलमध्ये अक्षरापासून क्रमांक आणि क्रमांकापासून अक्षर असं दोन्ही करता येतं:

```
=UNICODE("म")         2350
=UNICHAR(2350)        म
=DEC2HEX(2350,4)      092E
=HEX2DEC("092E")      2350
=BASE(2350,2,16)      0000100100101110
=DECIMAL("92E",16)    2350
```

दुसरा आकडा `DEC2HEX` ला आणि तिसरा `BASE` ला सांगतो की उत्तर किमान किती अंकी हवं. त्यामुळे पुढची शून्यं टिकतात.

यादीत मी `DEC2BIN` मुद्दाम घेतलेलं नाही. ते आहे, पण -५१२ ते ५११ एवढ्याच संख्या घेतं. २३५० दिलंत तर `#NUM!` येतं. `HEX2BIN("92E")` चंही तेच. लोकांना वाटतं की आपलं हेक्स चुकलं, आणि ते तपासत बसतात. बायनरीसाठी सरळ `BASE` वापरा. ते एक्सेल २०१३ पासून आहे, लिब्रेऑफिसमध्येही आहे. ऋण संख्या मात्र `BASE` घेत नाही. `DEC2HEX` घेतं, पण `DEC2HEX(-1)` चं उत्तर `FFFFFFFFFF` येतं, कारण ते ऋण संख्या चाळीस बायनरी अंकांच्या पूरक रूपात दाखवतं.

एक्सेलचा खरा धोका मात्र फॉर्म्युल्यात नाही, कोष्टकात कोड भरतानाच आहे. `0915` टंकलं की एक्सेल ते संख्या समजून ९१५ करतं. `092E` ला संख्या समजता येत नाही, म्हणून ते मजकूर राहतं. एकाच रकान्यात अर्धे कोड संख्या आणि अर्धे मजकूर झाले की `VLOOKUP` ला काही सापडतं, काही नाही, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. ओळखायची खूण म्हणजे संरेखन: संख्या आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो.

याहून वाईट प्रकार रोमन लिप्यंतरात होतो. ‘ळ’ साठी वापरतात त्या `ḷ` चा कोड `1E37`, ‘ण’ साठीच्या `ṇ` चा `1E47`. एक्सेलच्या लेखी `1E37` म्हणजे एकावर सदतीस शून्यं! शून्य गेलेल्या ९१५ ला निदान परत चार अंकी करता येतं. इथे मूळ कोड कोष्टकातून गेलेलाच असतो आणि फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की तसाच कायम होतो. उपाय एकच: कोड भरण्याआधी रकान्याचं स्वरूप मजकूर असं करा, किंवा प्रत्येक कोडच्या आधी `'` द्या. आकडा पडल्यानंतर स्वरूप बदलून उपयोग नाही. आणि सीएसव्ही फाइल दुहेरी टिचकीने न उघडता, आयात करताना तो रकाना मजकूर म्हणून निवडा.

वर्डमध्ये एखादंच अक्षर हवं असेल तर याहून सोपी वाट आहे. `092E` टंका आणि लगेच `Alt+X` दाबा, तिथे ‘म’ येतो. ‘म’ नंतर पुन्हा `Alt+X` दाबलंत की कोड परत येतो.

## पायथन आणि जावास्क्रिप्ट

```python
ord("म")                  # 2350
hex(2350)                 # '0x92e'
bin(2350)                 # '0b100100101110'
format(2350, "04X")       # '092E'
int("92E", 16)            # 2350
"म".encode("utf-8").hex() # 'e0a4ae'
```

`hex` आणि `bin` ची उत्तरं मजकूर असतात, संख्या नाहीत. त्यांच्यात `+` केलंत तर बेरीज होत नाही, तुकडे एकमेकांना चिकटतात. सगळं गणित दशमानात करा आणि अगदी शेवटी दाखवताना रूप बदला. `0x` नको असेल तर `format` वापरा.

`int` ला दुसरा आकडा द्यायला विसरलात तर काय होतं, हे अक्षरावर अवलंबून आहे. `int("092E")` चूक दाखवून थांबतं, ते बरंच. पण `int("0915")` शांतपणे ९१५ देतं, आणि `chr(915)` म्हणजे तोच ग्रीक गॅमा. म्हणून कोड तपासताना ‘क’ वर एकट्यावर भिस्त ठेवू नका. ज्याच्या कोडमध्ये A ते F मधलं एखादं अक्षर आहे असं चिन्ह घ्या, ‘म’ चालेल.

पायथनची एक गोष्ट मला फार आवडते: `int("२३५०")` असं देवनागरी आकड्यांत लिहिलं तरी ते २३५० देतं, आणि `int("१०१", 2)` पाच देतं. जावास्क्रिप्टमध्ये हे चालत नाही, तिथे `parseInt("२३५०")` चं उत्तर `NaN` येतं.

```js
"म".codePointAt(0)      // 2350
(2350).toString(16)     // "92e"
parseInt("92E", 16)     // 2350
parseInt("92E")         // 92
```

शेवटची ओळ नीट बघा. `parseInt` ला जिथवर अंक कळतात तिथवर ते वाचतं आणि उरलेलं कसलीही चूक न दाखवता टाकून देतं. ब्राउझरने ‘कमल’ मधल्या ‘म’ चं नेमकं हेच केलं होतं. पद्धत सांगितली तरी ही सवय जात नाही: `parseInt("92G", 16)` चं उत्तर १४६, म्हणजे नुसत्या `92` चं. हेक्समध्ये G नसतोच, पण ते कोणी सांगत नाही. बाहेरून आलेला कोड घेत असाल तर आधी त्यात ० ते ९ आणि A ते F यांखेरीज काही नाही ना, हे तपासा, आणि मगच `parseInt` ला द्या.

आता एक उलटं उदाहरण हाताने सोडवू. कुणी पाठवलेल्या पत्त्यात `%E0%A4%B3` आहे. बायनरी करा: 11100000, 10100100, 10110011. पहिल्या बाइटच्या पुढचे 1110 काढा, उरलेल्या दोन्हींच्या पुढचे 10 काढा. हातात राहिले 0000, 100100 आणि 110011. जोडून चाराचे गट पाडा: 0000 1001 0011 0011, म्हणजे `0933`. नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस आणि तीन, १४७. त्याला सोळाने गुणून २३५२, आणि वर तीन, २३५५. ताळा बघा: ९ + ३ + ३ = १५, म्हणजे बाकी शून्य. १५ × १५७ = २३५५, बाकी शून्य. एक्सेलच्या रिकाम्या घरात `=UNICHAR(2355)` लिहून एंटर दाबा. तिथे ‘ळ’ दिसेल.